एमएई एक सांगतो, आरएमएसई दुसरं. निवड कशी करावी?

प्रश्न: इंदूरच्या आमच्या दुकानात श्रीखंडाची रोजची विक्री चार दिवस ४० किलो आणि पाडव्याला १०० किलो झाली. हे पाच दिवस बाजूला ठेवून विक्रीचा अंदाज बांधण्याच्या दोन पद्धती त्यांवर तपासल्या. ‘अ’ रोज २ किलोने आणि पाडव्याला ४२ किलोने चुकली, तर ‘ब’ पाचही दिवस १२ किलोने. कोणती घेऊ?

उत्तर: मी ‘ब’ घेईन, पण कारण समजून घ्या.

एमएई म्हणजे चुकांची साधी सरासरी. ती ‘अ’ची १० आणि ‘ब’ची १२ किलो, म्हणजे ‘अ’ सरस. आरएमएसईमध्ये चुकांचा वर्ग करून सरासरी काढतात आणि मग वर्गमूळ घेतात. त्यामुळे ४२ची एक चूक सगळ्यांवर भारी पडते: ‘अ’ सुमारे १८.९, ‘ब’ १२. पाडव्यालाच माल संपला तर गिऱ्हाईक दुसरीकडे जातं, म्हणून तुमच्यासाठी मोठी चूकच महाग. रोज १२ किलो उरून नासण्याचं नुकसान त्याहून जास्त असेल, तर मात्र ‘अ’ घ्या.

एमएपीई ‘अ’ला १२.४ टक्के देतो, ‘ब’ला २६.४. त्याला भुलू नका. तो प्रत्येक चूक त्या दिवसाच्या विक्रीने भागतो. १२ किलोची चूक साध्या दिवशी ३० टक्के, पाडव्याला फक्त १२. शिवाय विक्री शून्य असलेल्या दिवशी भागाकारच होत नाही.

आणि हो, पाडवा एकच आहे. मागच्या दोन-तीन वर्षांचे पाडवेही असेच बाजूला ठेवून पाहा.