झेंडा काढ, गाणं ठेव

अरे,

तुझ्या बँडच्या पोस्टरचा फोटो बघितला. 'स्वीट होम अलाबामा' वाजवताय, मस्तच, पण मागे तो निळ्या फुलीचा लाल झेंडा कशाला लावलायस? दिसायला रॉक वाटतो म्हणून लावला असशील, माहितीये मला. पण तो अमेरिकेच्या यादवी युद्धात गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या दक्षिणेतल्या राज्यांच्या सैन्याचा झेंडा आहे बाबा.

आधी गाणं नीट ऐक, हेडफोन लावून. हे गाणं करणारे लिनर्ड स्किनर्डवाले मुळात अलाबामाचे नव्हतेच, फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलचे, आणि ती सुरुवातीची रिफ ज्याच्या हातून आली तो एड किंग तर कॅलिफोर्नियाचा! गायक नील यंगने दोन गाण्यांत दक्षिणेला वर्णद्वेषावरून झापलं होतं, त्याला हे 1974 चं उत्तर. बँडचा गायक रॉनी व्हॅन झँटचं म्हणणं एवढंच की काही लोकांच्या पापासाठी अख्ख्या दक्षिणेला एकाच काठीने का हाणतोस. वैर वगैरे नव्हतं, तो नंतर नील यंगचा टीशर्ट घालून स्टेजवर जायचा.

आता तिसरं कडवं. बर्मिंगहॅमला गव्हर्नर लाडका आहे असं तो म्हणतो, म्हणजे जॉर्ज वॉलेस, 1963 मध्ये वर्णभेद कायमचा राहील असं शपथविधीच्या भाषणात ठणकावणारा. त्या ओळीच्या लगेच मागे कोरसमध्ये 'बू बू बू' येतं, ते निषेधाचं बू आहे असं बँडवाले सांगायचे. पण ते इतकं दबकं मिक्स केलंय की पार्टीत कुणाला ऐकूच येत नाही, आणि लगेच पुढे निक्सनच्या वॉटरगेट भानगडीचा टोला येतो की तुमचं मन तुम्हाला खातं का. म्हणजे अभिमान आहे, लाजही थोडी आहे, आणि वर तुम्ही कोण आम्हाला शिकवणारे हा ताठाही. मला विचारशील तर गाण्याची खरी ताकद ह्या गोंधळातच आहे, पण सोयीचं तेवढं ऐकायची मुभाही त्यानेच मिळते. कोरसमधली मेरी क्लेटन कृष्णवर्णीय, तिला हे सुरुवातीला गायचंच नव्हतं.

झेंड्याने मात्र ती मुभाच संपते. बँड तो मागे टांगायचा, मग 2012 मध्ये त्यांचा गिटारवाला गॅरी रॉसिंग्टन म्हणाला की द्वेष पसरवणाऱ्या टोळ्यांनी तो पळवलाय, आम्ही काढतोय, चाहते असे खवळले की त्याला माघार घ्यावी लागली. रॉक गायक टॉम पेटी दक्षिणेचाच, फ्लोरिडातल्या गेन्सव्हिलचा, 1985 च्या टूरवर हाच झेंडा वापरल्याबद्दल त्याने पुढे चूक झाली असं सरळ कबूल केलं.

आणि दक्षिणेचा अभिमान झेंड्याशिवाय कसा वाजतो ते ऐकायचं असेल तर ऑलमन ब्रदर्स लाव. 1969 ला जॅक्सनव्हिलमध्येच जमलेला आणि मग जॉर्जियातल्या मेकनला बस्तान हलवलेला बँड, दोन ड्रमरपैकी जायमो कृष्णवर्णीय, आणि संगीताचा पाया काळ्या लोकांचा ब्लूज, तोही लपवून नाही, उघड मिरवलेला.

तर पोस्टर नवीन छाप, आणि ते 'बू बू बू' तुमच्या कोरसला जरा मोठ्याने म्हणायला लाव. रविवारी प्रॅक्टिसला येतो, तेव्हा डी-सी-जी चा तो पिकिंगचा भाग पण बघू, तू फार घाई करतोस तिथे.

तुझा,
काका