मिक्सर चार महिन्यांत बंद, वॉरंटी कार्ड कोरं: दुकानदाराला पत्र कसं लिहावं?

प्रश्न: मिक्सर चार महिन्यांत बंद पडला. बिलाचा आणि वॉरंटी कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये आहे, पण कार्डावर दुकानाचा शिक्काच नाही. दुकानदार म्हणतो, कंपनीकडे जा. पत्र काय लिहू?

उत्तर: शिक्क्याची काळजी सोडा. कार्ड भरून देणं दुकानदाराचं काम होतं, आणि खरेदीची तारीख बिलावरून सिद्ध होते. दुकानातली बिलं बहुधा थर्मल कागदावर असतात, वर्षभरात पुसट होतात; त्यामुळे फोटोची आजच प्रिंट काढा. मिक्सर उलटा करून तळाच्या पट्टीवरचा सिरियल नंबर बिलाशी किंवा कार्डाशी ताडून घ्या. फोटोत 8 आणि B हमखास गोंधळतात. जे वाचता येत नाही ते अंदाजाने लिहू नका, कारण एक अक्षर चुकलं तरी ‘ही आमची वस्तूच नाही’ म्हणायला जागा मिळते.

आता कार्डातल्या बारीक अक्षरांकडे या. मोटरला वॉरंटी असते. भांडी, पाती आणि भांड्याला मोटरशी जोडणारा कपलर बहुतेक कार्डांत वगळलेले असतात. म्हणून आधी भांडं काढून मिक्सर रिकामा फिरवा. मोटर फिरली, पण भांडं लावल्यावर पातं फिरत नसेल तर दोष बहुधा कपलरचा, आणि तो वॉरंटीत बसेलच असं नाही. मोटर फिरतच नसेल तर थंड होऊ द्या, तळाचं लाल ओव्हरलोड बटण दाबा, पुन्हा रिकामाच चालवा. तरीही बंद पडत असेल तर तेवढंच लिहा. ‘मोटर जळली’ असं लिहिलंत की समोरून ‘जास्त माल भरला असेल’ हेच उत्तर येणार!

मजकूर साधारण असा:

> विषय: दि. 12 मार्चच्या बिल क्र. … वरील सदोष मिक्सरबाबत
>
> वरील बिलाने घेतलेला मिक्सर (मॉडेल …, सिरियल …) दि. 9 जुलैपासून भांडं न लावताही काही सेकंदांत बंद पडतो. थंड झाल्यावर ओव्हरलोड बटण दाबूनही फरक नाही. कार्डातील कलम … नुसार मोटर वॉरंटीत आहे. कार्ड आपण भरून दिलेले नाही. हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत मोफत दुरुस्ती करून द्यावी. ते शक्य नसल्यास वस्तू बदलून द्यावी किंवा रु. … परत करावेत.
>
> सोबत: बिल व कार्डाच्या प्रती.

कार्डातलं कलम क्रमांकासह, जसंच्या तसं उतरवा. बहुतेक पत्रं इथेच कच्ची राहतात. दुकानदाराने बिलावरचं ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हे वाक्य दाखवलं तर घाबरू नका. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार, सदोष माल बिलावरील मुदतीत, आणि मुदतच नसेल तर 30 दिवसांत, परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. तुमचे 30 दिवस उलटून गेलेत, म्हणून पत्राचा भर वॉरंटीवरच ठेवा.

पत्र स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपा, आणि एक प्रत कंपनीच्या ग्राहकसेवेलाही द्या. पत्रातली मुदत संपली की राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. त्यानेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं, तेही तुमच्या राहत्या जिल्ह्यात. त्याची मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं आहे.