"किती बारीक झालीस!" इंग्रजीत कसं म्हणायचं?

प्रश्न: सासूबाई काही महिन्यांसाठी आमच्याकडे अमेरिकेत आल्या आहेत. इंग्रजी बऱ्यापैकी बोलतात, स्वभाव मोकळा. शेजारणीने जेवायला बोलावलं, तर दारातच तिला म्हणाल्या, "यू हॅव बिकम सो थिन!" मग तिच्या स्कार्फला हात लावून, "व्हेरी नाइस, हाऊ मच?" आणि जेवताना तिने केलेला पाय हा पदार्थ खाऊन, "युअर पाय इज द बेस्ट इन द वर्ल्ड!" शेजारीण हसली, पण अवघडलेली दिसली. सासूबाईंना न दुखावता हे कसं सांगू?

उत्तर: ताई, सासूबाईंचं कौतुक खरं होतं, फक्त तीनही वाक्यं मराठीतून जशीच्या तशी आली.

सगळ्यात आधी "बारीक झालीस" बघू. आपल्याकडे बरेच दिवसांनी भेटलेल्या माणसाची तब्येत बोलून दाखवणं म्हणजे 'माझं तुझ्याकडे लक्ष आहे' असं सांगणं. अमेरिकेत मात्र दुसऱ्याचं शरीर हा त्याचा खासगी विषय. वजन आजारपणाने उतरलं असेल, काळजीने उतरलं असेल, किंवा खाण्यापिण्याचं काही दुखणं असेल. मग त्या बाईने "थँक यू" तरी कशाला म्हणायचं? म्हणून कौतुक शरीरावरून उचलायचं आणि तिने स्वतः निवडलेल्या गोष्टीवर ठेवायचं: रंग, कानातलं, केसांचा नवा कट. "दॅट कलर लुक्स ग्रेट ऑन यू." आणि नुसता भेटीचा आनंद सांगायचा असेल तर "इट्स सो गुड टू सी यू" पुरे. "गोरी दिसतेस", "वयाच्या मानाने छान दिसतेस" ही वाक्यं मात्र कोणत्याही रूपात इंग्रजीत नेऊ नका.

स्कार्फची किंमत विचारणं ही आपल्याकडे दाद असते. साडी कितीला पडली हे विचारलं की घेणारी खुलते, कुठे घासाघीस केली तेही सांगते. तिथे आकडा विचारला की समोरची व्यक्ती गप्प होते. त्याऐवजी "आय लव्ह युअर स्कार्फ. व्हेअर डिड यू गेट इट?" असं विचारा. सेलमध्ये स्वस्तात मिळाला असेल तर बहुतेक वेळा तीच आपणहून सांगेल. म्हणजे सासूबाईंना हवी ती माहिती मिळेल आणि कुणी अवघडणारही नाही.

आता पायचं. जोन मेन्स आणि नेसा वुल्फसन या अभ्यासकांनी अमेरिकन माणसांच्या रोजच्या बोलण्यातली सहाशेहून जास्त कौतुकाची वाक्यं गोळा केली. त्यांचा निबंध १९८१ साली आला. त्यात निम्म्याहून जास्त वाक्यं एकाच साच्यातली निघाली: अमुक गोष्ट छान आहे किंवा छान दिसते. विशेषण वापरलेल्या वाक्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश वाक्यांत विशेषणंही पाचच: नाइस, गुड, ब्यूटिफुल, प्रिटी, ग्रेट. म्हणजे रोजचं अमेरिकन कौतुक बेतशीर असतं. त्यात "बेस्ट इन द वर्ल्ड" आलं की ऐकणाऱ्याला वाटतं, ही नुसती माझी समजूत काढतेय. साधं विशेषण घ्या आणि त्याला खाताना खरंच जाणवलेली एक बारीक गोष्ट जोडा. "द पाय इज रिअली गुड. द क्रस्ट इज सो क्रिस्प." कवच कुरकुरीत लागलं हे खाणाऱ्यालाच कळतं, म्हणून ते खरं वाटतं. नंतर "हाऊ डू यू गेट इट लाइक दॅट?" विचारलं तर कृतीवर गप्पा सुरू होतात. सासूबाई सुगरण असतील तर त्यांना इथेच सगळ्यात जास्त मजा येईल. मात्र "आमच्याकडे यात वेलची घालतात" हे त्याच दमात नको. कौतुकाला सूचना चिकटली की सूचनाच ऐकू जाते. वेलचीचं नंतर, कृतीच्या गप्पांत काढा. आणि कौतुक एकदाच. तेच चारदा म्हटलं की यजमानीण आभार मानून थकते.

सासूबाईंना हे सांगताना चुकांची उजळणी करू नका, आणि चारचौघांत तर टोकूच नका. निघायच्या आधी चहा घेताना म्हणा, "आई, इथे आपण तब्येतीवर बोललो की लोक बुजतात. तिच्या कपड्यांचं काहीतरी आवडलं की तेच सांगा ना, तुमची नजर चांगली आहे." त्यांच्या नजरेचा आणि हाताच्या चवीचा मान ठेवून सांगितलंत तर त्या ऐकतील.

परतफेड म्हणून शेजारीण सासूबाईंच्या साडीचं कौतुक करेल तेव्हा "छे, जुनीच आहे" असं म्हणून थांबू नका म्हणावं. आपला हा विनय तिला आपलं म्हणणं खोडल्यासारखा वाटू शकतो. "थँक यू, माय सिस्टर गेव्ह इट टू मी" म्हटलं की विनयही राहतो आणि पुढचा प्रश्न विचारायला तिला जागाही मिळते.