स्विंग लावूनही बीट झुलत नाही, कारण…

मित्रा, तुझी बीट ऐकली. स्विंग 58 टक्के ठेवूनही हाय-हॅट सरळच वाजतात, कारण तू चार ठोक्यांच्या बारमध्ये फक्त आठ हॅट ठेवलेत, एका ठोक्याला दोन. बारचे सोळा भाग केले तर स्विंग त्यातल्या दर दुसऱ्या भागालाच मागे ढकलतो आणि तुझ्या तिथे काहीच वाजत नाही. बारमध्ये अशा दोन-तीन ठिकाणी हलक्या आवाजाचा जादा हॅट घाल, एखादी किकही तिथेच ठेव. 90 बीपीएमला 58 टक्क्यांवर तो ठोका साधारण 27 मिलिसेकंद उशिरा पडतो. एवढंसंच, पण मान आपोआप हलू लागते. 66 च्या पुढे गेलास तर दादरा वाटायला लागेल, सुरुवातीला 54 ते 60 मध्येच राहा.

स्नेअर दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर. ती धुळकट करायला 12 बिटवर आण आणि वरची चकाकी फिल्टरने कमी कर. खरखर सगळ्या बीटवर पसरू नकोस, स्नेअरखालीच ठेव.

कॉर्डचा लूप दोन बारचा असेल तर 90 ला तो 5.33 सेकंदांचा हवा. तुझा 5.4 आहे, म्हणून चौथ्या फेरीपर्यंत ड्रमपासून सुटतो. जोडावर ‘टक्’ आवाज आला तर लहर शून्यावर असेल तिथे काप. लूपमधला खर्जही काढ, किकला जागा मिळेल.

रविवारी जुन्या बाजारात चक्कर मार, रेकॉर्ड मिळाली तर त्यातलाच एखादा कॉर्ड घेऊन हे करून बघ. कॉम्प्रेसर वगैरे नंतर.