फुई रुसणार नाही अशी विनोदी लग्नपत्रिका

प्रश्न: मे महिन्यात अमळनेरला भावाचं लग्न आहे. पत्रिकेत नातेवाइकांच्या सवयींची थोडी गंमत करायची आहे, पण कुणी रुसायला नको. कशी लिहू?

पहिलं काम म्हणजे पत्रिका दोन करा. कुलदैवतापुढे ठेवायची, व्याह्यांकडे जाणारी आणि थोरामोठ्यांच्या हातात द्यायची पत्रिका नेहमीसारखीच छापा. आपल्याकडे पत्रिकेवरून जे रुसवे होतात, ते बहुतेक वेळा नाव राहिलं, मागे-पुढे झालं किंवा 'कै.' चुकलं यामुळे होतात. त्या मजकुरात गंमत घुसली की साधी छपाईची चूकही मुद्दाम केली असं वाटतं. गमतीचा मजकूर वेगळ्या अर्ध्या पानावर घ्या किंवा फोनवर पाठवा, आणि त्यात नाव एकाचंही घालू नका.

चुलतभावाच्या लग्नात मी असं पान लिहिलं होतं. पहिल्या खर्ड्यात एक ओळ होती: 'मानाची साडी उलटसुलट करून बघणाऱ्या फुईंसाठी मांडवात जादा दिवे लावले आहेत.' फुई म्हणजे आमच्याकडे आत्या. आम्ही भावंडं हसलो. आजीला वाचून दाखवली तर ती म्हणाली, "फुई कितल्या शेत आपला घरमा?" घरात फुई एकच होती. आणि आधीच्या लग्नात साडीवरून खरंच बोलाचाली झाली होती. ती ओळ तिथेच खोडली.

तेव्हापासून मी प्रत्येक ओळीला हाच प्रश्न विचारतो: ही सवय आपल्या गोतात किती जणांना लागू पडते? बोटावर मोजता आली, तर माणूस ओळखू येतो आणि ती गंमत त्याच्या अंगावर जाते. निम्म्या मांडवाला लागू पडली, तर प्रत्येकाला शेजारच्याची आठवण येते. आहेर, मानपान, जावयाचा रुसवा आणि कुणाचं रखडलेलं लग्न, हे चार विषय मी कितीही लोकांना लागू पडले तरी घेत नाही, कारण त्यांच्यामागे जुनी दुखणी असतात. व्याह्यांच्या माणसांचीही गंमत करत नाही. त्यांची आपली अजून तेवढी ओळख नसते.

शेवटी पान असं झालं:

'मुहूर्त दुपारी 12 वाजून 35 मिनिटांचा आहे. "निघालोच आम्ही" असं फोनवर सांगून मग आंघोळीला जाणाऱ्या मंडळींनी तो 11 वाजून 35 मिनिटांचा धरावा.

जेवायला वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी आहे. "बस, अर्धीच" म्हणणाऱ्यांच्या ताटात आमचे वाढपी दोन टाकतील. रागावू नये, त्यांना तसंच सांगून ठेवलं आहे.

नवरदेवाचे वडील दर दहा मिनिटांनी "सगळं झालं ना?" असं विचारतील. काहीही झालेलं नसलं तरी "हो आप्पा" म्हणावं.

"चला, येतो" म्हटल्यावर दारात ज्या खऱ्या गप्पा सुरू होतात, त्यासाठी दारातच खुर्च्या मांडल्या आहेत.

लगीनले यवानंच! तुम्ही नही उनात ते आम्ही रुसी जासूत.'

यात आप्पांची ओळ मी मुद्दाम ठेवली. यजमानाच्या घरातला, तोही मोठा माणूस पानावर असला की पाहुण्यांना बरोबरीनं हसता येतं. मात्र त्यांना आधी विचारलं होतं. बट्टीच्या ओळीत चेष्टा पाहुण्याची दिसते, पण दोष आपल्या वाढप्यावर येतो. 'कमी खाता' किंवा 'जास्त खाता' असं त्यात कुठेच येत नाही. ताटावरून बोलताना हे फार जपायला लागतं. आणि शेवटी रुसवा यजमानाकडे गेला, त्यामुळे रुसणाऱ्या माणसाचा विषय न काढताही रुसव्याची गंमत झाली. ती ओळ अहिराणीत आहे, कारण घरी रागावतात तेही अहिराणीतच. तुमच्या घरात अहिराणी बोलत नसतील, तर उसनी आणू नका. ती नक्कल वाटते आणि गावाकडची माणसं दुखावतात.

मुहूर्ताच्या ओळीत एक धोका आहे. दोन वेळा लिहिल्यामुळे एखाद्या आजोबांचा गोंधळ होतो. म्हणून खरी वेळ आधी, ठळक अक्षरात द्या आणि साध्या पत्रिकेतली वेळ तीच आहे ना, ते ताडून बघा.

छापायला देण्याआधी पान घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईला मोठ्यानं वाचून दाखवा. स्वतः वाचताना जी ओळ हलकी वाटते, ती तिच्यासमोर म्हणताना जीभ अडखळली तर काढून टाका. चार-पाच ओळी पुरेत. आठ-दहा झाल्या की वाचणारा आपला नंबर कुठे लागतो ते शोधायला लागतो.

आणि दारात खुर्च्या खरंच मांडा. आम्ही सहा मांडल्या होत्या. तीन वाजता तिथे जागा नव्हती, आणि मधल्या खुर्चीत फुई बसली होती.