पीडीएफमधली आकृती एसव्हीजी करताना मराठी अक्षरं मोडू नयेत म्हणून

प्रश्न: माझ्याकडे एका अहवालाची पीडीएफ आहे. त्यातली पर्जन्यजल पंपिंग स्टेशनच्या उभ्या छेदाची आकृती मला प्रबंधात आणि पोस्टरवर वापरायची आहे. स्क्रीनशॉट मोठा केला की धूसर होतो. इंकस्केपमध्ये पीडीएफ उघडली तर रेघा छान येतात, पण मराठी नावांचा पार चुराडा होतो. काय करू?

उत्तर:

अक्षरं मोडतात ती इंकस्केप मजकूर ‘मजकूर’ म्हणून वाचायला जातं म्हणून. त्याला तसं करू देऊ नका, प्रत्येक अक्षर रेघांचा आकार म्हणूनच बाहेर काढा. मी मुंबईत अहवाल आणि पुस्तकांसाठी आकृत्या करून देतो. मराठी पीडीएफ आली की हाच मार्ग धरतो.

पीडीएफमध्ये ‘विसर्ग’ हा शब्द आपण उच्चारतो तसा ठेवलेला नसतो. अमक्या जागी फॉन्टमधला अमुक आकार काढा, एवढ्याच सूचना तिथे असतात. कागदावर डावीकडून पाहिलं तर आधी ऱ्हस्व वेलांटी येते, मग व, स, ग आणि शेवटी ग वरचा रफार. वाचणाऱ्या सॉफ्टवेअरने हे आकार याच क्रमाने उचलून पुन्हा टाइप केले की वेलांटी सुटी पडते आणि रफार भलत्या जागी जातो. जोडाक्षरांचे आकार कुठल्या अक्षरांपासून झाले याची नोंद पीडीएफमध्ये अपुरी असेल तर तिथे चौकोन दिसतात. अहवाल जुना असेल आणि युनिकोडआधीच्या फॉन्टमध्ये बसवला असेल, तर आत रोमन अक्षरं आणि चिन्हंच असतात, मराठी ती फक्त त्या फॉन्टच्या अंगावर दिसते. फॉन्ट गेला की मराठीही गेली. आकार मात्र पीडीएफमध्ये जसेच्या तसे असतात, म्हणून तेच घ्यायचे.

त्याआधी आकृती खरंच रेघांची आहे का ते बघा. तुम्हाला इंकस्केपमध्ये रेघा सुट्या निवडता येत असतील तर हा भाग सोडून द्या. नाहीतर पॉपलर नावाची पीडीएफ हाताळणारी साधनं बसवून टर्मिनलमध्ये हे चालवा:

```
pdfimages -list -f 37 -l 37 ahwal.pdf
```

इथे 37 म्हणजे फाइलमधलं सदतिसावं पान. पानाखाली छापलेला आकडा वेगळा असू शकतो, कारण मुखपृष्ठ आणि अनुक्रमणिकाही मोजली जाते. यादी रिकामी आली तर पानावर एकही फोटो नाही, सगळं रेघांचं आहे. पानाएवढं एकच मोठं चित्र दिसलं तर पान स्कॅन केलेलं आहे, आणि मग पुढचं काही उपयोगाचं नाही. आकृती नव्याने गिरवावी लागेल.

रेघांची असेल तर:

```
pdftocairo -svg -f 37 -l 37 ahwal.pdf chhed.svg
```

यात प्रत्येक अक्षराची बाह्यरेषा येते. विंडोजवर पॉपलर बसवायचा कंटाळा असेल तर इंकस्केपमध्ये पीडीएफ उघडताना जी खिडकी येते तिच्यात `Poppler/Cairo` हा पर्याय निवडा, काम तेच होतं. तुम्ही बहुधा दुसरा, म्हणजे इंकस्केपचा स्वतःचा `Internal` पर्याय ठेवला होता.

आता chhed.svg उघडली की पूर्ण पान दिसेल: वर परिच्छेद, मध्ये छेद, खाली आकृतीचं शीर्षक. छेदाभोवती माउसने चौकट ओढून तेवढं निवडा, `!` दाबून निवड उलटी करा आणि बाकीचं Delete करा. चौकटीत काहीच वेगळं निवडलं जात नसेल तर सगळं एका गटात आहे, तेव्हा दोनदा क्लिक करून गटात शिरा. Ungroup सारखं दाबत सुटू नका. पीडीएफमधल्या कातरणीच्या चौकटी गटांना लावलेल्या असतात, त्या निसटल्या की भिंतींच्या आतली तिरकी रेखाटणी बाहेर सांडते आणि समुद्राचं पाणी पंपघरात शिरलेलं दिसतं.

बाकीचं पुसलं की उरलेलं निवडून Ctrl+Shift+R, म्हणजे पान आकृतीएवढं होतं. पुसण्याऐवजी नुसतं पान लहान केलं तरी पडद्यावर तसंच दिसेल, पण आजूबाजूचा सगळा मजकूर फाइलमध्ये लपून राहील आणि पोस्टरवाल्याकडे पानाबाहेर डोकावेल.

दोन गोष्टी मी दर वेळी तपासतो. पहिली म्हणजे माप. पीडीएफचं एकक इंचाचा 72 वा भाग, इंकस्केपमधल्या पिक्सेलचं 96 वा. साधनांच्या काही आवृत्त्या एकक न लिहिता नुसता आकडा लिहितात आणि आकृती मूळच्या तीन-चतुर्थांश होऊन येते. म्हणून काटछाट करण्याआधी पानाची रुंदी बघा. ए-फोर पान 210 मिमी हवं. 157.5 मिमी आलं असेल तर सगळं 133.33 टक्के मोठं करा. छेदावर 1:100 असं प्रमाण लिहिलेलं असेल तर हे विसरून चालणारच नाही, कारण संपची खोली पट्टीने मोजणारा परीक्षक भेटतोच. अर्थात प्रबंधात तुम्ही आकृती मुद्दाम लहान-मोठी करणार असाल तर प्रमाणाचा आकडा काढून तिथे मापपट्टी काढा, ती आकृतीबरोबर लहान-मोठी होते.

दुसरी तपासणी अशी की पारदर्शक किंवा छटा असलेले भाग (पाण्याची निळी छटा हमखास) रूपांतरात कधीकधी फोटो होऊन बसतात. एसव्हीजी सेव्ह करून पाहा:

```
grep -c "<image" chhed.svg
```

उत्तर 0 आलं तर निश्चिंत राहा. नाहीतर तो भाग पोस्टरवर फुटेल. तो काढून त्या जागी सपाट रंगाचा आकार टाकलेला बरा.

या मार्गाची किंमत एकच: अक्षरं आता चित्र आहेत, दुरुस्त करता येत नाहीत. समजा मूळ आकृतीत ‘भरतीची पातळी’ आहे आणि तुम्हाला ‘कमाल भरतीची पातळी’ हवं आहे. तर तेवढे आकार पुसा, मजकुराचं साधन घेऊन Mukta किंवा नोटो सान्स देवनागरी या फॉन्टमध्ये नव्याने टाइप करा आणि उंची शेजारच्या नावाशी जुळवा. एखादंच नाव वेगळ्या फॉन्टमध्ये डोळ्यांना खुपतं, त्यामुळे तीन-चार बदलायची असतील तर मी सगळीच नव्याने टाइप करतो. अशी फाइल आपल्याकडे ठेवा. बाहेर द्यायच्या प्रतीत मात्र नवी नावं निवडून Ctrl+Shift+C ने आकार करून टाका, कारण एसव्हीजी फॉन्ट सोबत नेत नाही आणि समोरच्याकडे तो फॉन्ट असेलच असं नाही.

प्रबंध वर्डमध्ये असेल तर 2019 किंवा 365 मध्ये एसव्हीजी चित्रासारखीच घालता येते. त्याआधीच्या वर्डसाठी इंकस्केपमधून ईएमएफ काढा. लाटेकमध्ये एसव्हीजी थेट चालत नाही, तिथे इंकस्केपमधूनच एका आकृतीची पीडीएफ करून `\includegraphics` ला द्या. पोस्टर छापणाऱ्यालाही पीडीएफच द्या, कोरलड्रॉमध्ये ती विनातक्रार उघडते. आणि आकृतीखाली अहवालाचं नाव, वर्ष आणि पान लिहा. पोस्टर विद्यापीठाबाहेर लावणार असाल तर ज्यांचा अहवाल आहे त्यांची परवानगीही घ्या.