भावाचा एलडीएल ११८ आला, मग बाकीच्यांनी कशाला तपासायचं?

प्रश्न: आमचे थोरले बंधू ४१ वर्षांचे. दोन महिन्यांपूर्वी अटॅक आला, स्टेंट टाकला. वडीलही ४६व्या वर्षी अचानक गेले. परवा भावाचा एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ११८ आला, तरी डॉक्टर म्हणतात घरातल्या सगळ्यांचं, लहान मुलांचंसुद्धा कोलेस्टेरॉल तपासा, हे आनुवंशिक असू शकतं. आई म्हणते, आपण भाकरी-भाजी खाणारी बारीक माणसं, आपल्याला कसलं कोलेस्टेरॉल. खरंच गरज आहे का? (विडी घरकुल, सोलापूर)

उत्तर:

तो ११८ बाजूला ठेवा. तो गोळ्या चालू असतानाचा आकडा आहे. स्टेंटनंतर स्टॅटिनचा, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळीचा, मोठा डोस देतात आणि त्यानं एलडीएल साधारण निम्म्यावर येतो. म्हणजे मूळचा २३०च्या आसपास असावा. शिवाय अटॅक आल्यावर एक-दोन दिवसांत एलडीएल आपोआपच उतरतो आणि काही आठवडे खाली राहतो, त्यामुळे ॲडमिट असतानाचा रिपोर्टही फसवा. अटॅकच्या आधीचा एखादा कागद शोधा. कंपनीचं मेडिकल, विम्याची तपासणी, रक्तदान शिबिराबरोबर झालेलं चेकअप, काहीही चालेल.

मी सोलापुरात २६ वर्षं लॅबमध्ये काम करतोय. डॉक्टर नाही, पण जन्मतःच कोलेस्टेरॉल जास्त असण्याच्या या आनुवंशिक आजाराचं एक अख्खं घर माझ्या हाताखालून गेलं आहे, तेच सांगतो.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल कारखान्यात एक जॉबर होता. वय ३८, अंगानं काटकुळा, तंबाखू नाही, साखर नाही. त्यालाही अटॅक आला. नंतरच्या रिपोर्टात एलडीएल बरा दिसत होता. हृदयाच्या डॉक्टरांनी जुना रिपोर्ट मागितला, तो निघाला आमच्याच लॅबच्या रेकॉर्डमध्ये, दोन वर्षांपूर्वीच्या कंपनी मेडिकलचा. टोटल ३४२, एचडीएल ४०, ट्रायग्लिसराइड १५०. एलडीएल काढायचा तर टोटलमधून एचडीएल वजा करायचा आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करायचा: ३४२ वजा ४० वजा ३०, म्हणजे २७२. (ट्रायग्लिसराइड ४००च्या वर असेल तर हे गणित चालत नाही.) आम्ही त्या आकड्यापुढे ‘जास्त’ असा शिक्का मारला होता आणि कुणीतरी त्याला ‘तेल कमी करा’ सांगून परत पाठवलं होतं. ते मला अजून टोचतं. मोठ्या माणसाचा एलडीएल १९०च्या वर गेला की तेलापलीकडचा विचार करायचा असतो.

कारण या आजारात चूक खाण्यात नसते. रक्तातला एलडीएल उचलून घेण्यासाठी लिव्हरच्या पेशींवर रिसेप्टर असतात. हे ब्राउन आणि गोल्डस्टाइन यांनी शोधलं, १९८५चं नोबेल त्यांना त्यासाठीच मिळालं. ज्याच्या जनुकात खोट आहे त्याचे रिसेप्टर जन्मापासून निम्मेच काम करतात. भाकरी खा नाहीतर भजी, रक्त साफ व्हायचा वेगच कमी. आहारानं थोडा फरक पडतो, २७२चे १०० होत नाहीत. आईंना एवढंच सांगा.

डॉक्टरांनी जॉबरला चप्पल काढायला लावली आणि टाचेच्या वरची शीर, म्हणजे रक्तवाहिनी नव्हे तर स्नायू हाडाला बांधणारी दोरी, दोन बोटांत धरून पाहिली. दोरखंडासारखी जाड, खडबडीत. तो म्हणायचा, चप्पल लागून झालंय. तिथे कोलेस्टेरॉल साचलेलं होतं. असे गोळे हाताच्या मागच्या शिरांवरही येतात. पापणीवरचे पिवळे ठिपके मात्र इतरांनाही येतात, त्यावरून फार काही ठरत नाही.

निदानासाठी गुणांची एक डच पद्धत आहे. त्याचा एलडीएल २५० ते ३२९ मध्ये म्हणून ५ गुण, लहान वयात हृदयविकार म्हणून २, वडील पंचावन्नच्या आत अटॅकनं गेले म्हणून १. झाले ८, म्हणजे ‘बहुधा आहे’. शिरेच्या गाठीचे ६ धरले की १४, आणि ८च्या वर गेलं की निदान पक्कं. त्याआधी थायरॉइड आणि लघवीतलं प्रोटीन तपासून घेतलं, कारण थायरॉइड मंद असेल किंवा किडनीतून प्रोटीन जात असेल तरी एलडीएल असाच चढतो. जनुकांची तपासणी त्यांना परवडणारी नव्हती, केली नाही. ती निगेटिव्ह आली तरी आजार नाही असं म्हणता येत नाही.

आता नातेवाईक. खोट असलेल्या माणसाच्या प्रत्येक मुलाला ती मिळण्याची शक्यता निम्मी असते, मुलगा असो की मुलगी. म्हणून एका माणसापासून पायरी-पायरीनं जायचं: आधी आईवडील, भावंडं, मुलं. ज्याचा सापडला, त्याच्यापासून पुढची पायरी.

जॉबरची आई १२१, म्हणजे खोट वडिलांकडून आली. धाकटा भाऊ ३४ वर्षांचा, कसलाच त्रास नाही, एलडीएल २५१. बहीण १०४, मग तिच्या मुलांना सुईच टोचली नाही, ती फांदी तिथेच संपली. जॉबरची मुलगी ९ वर्षांची, २१८. मुलगा ६ वर्षांचा, ९७. घरात असा माणूस असताना मुलाचा एलडीएल १६०च्या वर गेला की संशय घ्यायचा आणि पुन्हा तपासून खात्री करायची. तिचा दुसऱ्यांदाही तेवढाच आला.

मग आत्या. ६१ वर्षांची, रोज बिड्या वळणारी. ‘मला काय झालंय?’ म्हणाली. एलडीएल २३८. बायकांना हे बऱ्याचदा उशिरा गाठतं, त्यामुळे ‘आजी तर सत्तरीपर्यंत होती’ हा पुरावा नव्हे.

आणि इथे आपल्या भागातली गोष्ट येते. जॉबरची बायको याच आत्याची मुलगी. आपल्याकडे मामाच्या, आत्याच्या मुलीशी लग्न नवं नाही, पण नवराबायको दोघांतही खोट असेल तर चारातल्या एका मुलाला ती दोन्हीकडून मिळू शकते. अशा मुलाचा एलडीएल ४००-५००च्या वर जातो, कोपर-गुडघ्यांवर पिवळट गाठी येतात (लोक चामखीळ समजतात), आणि हृदयविकार शाळेच्या वयातही येऊ शकतो. बायकोचा रिपोर्ट हातात येईपर्यंत आम्ही सगळेच गप्प होतो. १०८ आला.

त्या ९ वर्षांच्या मुलीला आत्ताच का गाठायचं? उपचार न घेतलेल्या अशा पुरुषांपैकी सुमारे निम्म्यांना पन्नाशीच्या आत हृदयविकार होतो, कारण रक्तवाहिन्यांत कोलेस्टेरॉलचा साका जन्मापासून बसत असतो. ॲमस्टरडॅममध्ये अशा मुलांना स्टॅटिन सुरू करून २० वर्षं पाहिलं. ३९व्या वर्षापर्यंत त्यांच्यातल्या १ टक्क्याला हृदयाचा त्रास झाला होता. त्यांच्याच आजारी आईवडिलांमध्ये, ज्यांना लहानपणी ही औषधं मिळाली नव्हती, त्या वयापर्यंत हे प्रमाण २६ टक्के होतं. गोळी साधारण ८ ते १० वर्षांपासून देतात, ते मुलांचे डॉक्टर ठरवतील. मुलगी मोठी होऊन बाळाचा विचार करेल तेव्हा गोळी थांबवण्याबद्दल आधी विचारायचं, हेही तिच्या फाइलवर लिहून ठेवलंय.

तुमच्याकडे आधी तुम्ही, बाकी भावंडं आणि भावाची मुलं. वडील गेलेत, म्हणून काका-आत्यांनाही सांगा. गड्ड्याच्या यात्रेला सगळे घरी आले की एकाच सकाळी सॅम्पल होतील. पहिल्या तपासणीला उपाशी राहायची सक्ती नाही, लहान मुलांना तर नकोच. गोळ्या चालू असलेल्यांनी गोळीचं नाव आणि डोस लॅबच्या कागदावर लिहायला लावा.

आणि वहिनी नात्यातल्या आहेत का, ते कळवा.